पर्सेंटाइल 85, पण कोणाच्या तुलनेत?

ताई, इंदूरच्या शाळेत झालेल्या तपासणीत तुमच्या चौदा वर्षांच्या मुलाची उंची 160 सेंमी आणि वजन 58 किलो भरलं. 58 ला 1.6 च्या वर्गाने भागलं की बीएमआय 22.7 येतो. रिपोर्टमध्ये पर्सेंटाइल 85 च्या किंचित वर आहे, म्हणून पुढे 'अतिवजन' छापून आलंय. भंवरकुआँच्या कोचिंगवाल्यांमुळे पर्सेंटाइल आता घरोघरी माहीत आहे, पण जेईईत तुलना त्याच वर्षीच्या मुलांशी होते. इथे तशी होत नाही.

वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचं गणित बेल्जियमचा संख्याशास्त्रज्ञ केतले याचं, 1832 च्या सुमाराचं. तो सरासरी माणसाचं मोजमाप शोधत होता, लठ्ठपणा नव्हे. बीएमआय हे नाव 1972 मध्ये अमेरिकन संशोधक अँसल कीज यांनी रूढ केलं, तेही प्रौढांसाठी. वाढत्या मुलांना प्रौढांचा एकच आकडा लावता येत नाही, म्हणून वय आणि लिंगानुसार तक्ते आले. सर्रास वापरला जाणारा अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा तक्ता 2000 सालचा. तो करताना 1988 ते 94 च्या पाहणीतली सहा वर्षांवरच्या मुलांची वजनं मुद्दाम वगळली, कारण तोवर तिथली मुलं जाड होऊ लागली होती. म्हणजे तुमच्या मुलाची तुलना मुख्यतः 1963 ते 80 या काळातल्या अमेरिकन मुलांशी झाली आहे. त्यांच्यातल्या शंभरातल्या साधारण 85 मुलांपेक्षा त्याचा बीएमआय जास्त आहे, एवढंच त्या आकड्याचं म्हणणं.

हे ऐकून हायसं वाटेल, पण आपल्याकडे गोष्ट उलटी आहे. 2004 मध्ये पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी स्वतःचीच मोजणी छापली. दोघांचा बीएमआय 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. त्याच बीएमआयला भारतीय शरीरात चरबी अनेकदा जास्त असते. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 च्या तक्त्यात अतिवजन आणि लठ्ठपणाच्या रेषा प्रौढपणीच्या नेहमीच्या 25 आणि 30 बीएमआयऐवजी 23 आणि 27 ला जाऊन मिळतील अशा आखल्या. मुलग्यांमध्ये त्या साधारण 71 आणि 90 व्या पर्सेंटाइलवर येतात. त्या तक्त्यावरही तुमचा मुलगा पहिल्या रेषेच्या वर, दुसरीच्या खालीच आहे. म्हणजे अतिवजन खरं, लठ्ठपणा नाही.

चरबी किती आणि स्नायू किती, हे मात्र कुठलाच तक्ता सांगत नाही. चौदाव्या वर्षी कोणाची उंची आधी वाढते, कोणाची वर्षभर उशिरा, त्यानेही आकडा हलतो. मोजणीतली चूकही लहान नसते: उंची 158 धरली तर बीएमआय थेट 23.2 होतो. तेव्हा बूट काढून पुन्हा मोजा आणि कंबरेचा घेरही घ्या. तो उंचीच्या निम्म्याहून, म्हणजे इथे 80 सेंमीहून जास्त असेल किंवा मानेवर काळसर जाडसर पट्टा दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. तसं काही नसेल तर सहा महिन्यांनी पुन्हा मोजून तोच तक्ता भरा. तोवर त्याला उपाशी ठेवू नका, तो अजून वाढतोय.