श्मिट ट्रिगर (ऑप-अँप कंपॅरेटर)

श्मिट ट्रिगर हा धन फीडबॅक दिलेला कंपॅरेटर आहे. साध्या कंपॅरेटरला आउटपुट बदलण्याची एकच पातळी असते, श्मिट ट्रिगरला दोन असतात. इनपुट वर चढताना आउटपुट एका व्होल्टेजला पलटते आणि इनपुट खाली उतरताना त्याहून कमी व्होल्टेजला पलटते. वरच्या पातळीला अप्पर थ्रेशोल्ड, खालच्या पातळीला लोअर थ्रेशोल्ड आणि दोहोंतील अंतराला हिस्टेरिसिस म्हणतात. हे अंतर किती ठेवायचे ते मुख्यतः दोन रेझिस्टरांच्या गुणोत्तरावर ठरते.

अमेरिकेतील ऑटो श्मिट यांनी 1934 मध्ये, पदव्युत्तर शिक्षण घेत असताना, या मंडलाची कल्पना मांडली. ते स्क्विड या सागरी प्राण्याच्या मज्जातंतूंतून संदेश कसा जातो याचा अभ्यास करत होते. त्यांचे मंडल व्हॅक्यूम ट्यूबचे होते आणि 1938 मध्ये ते ‘थर्मिऑनिक ट्रिगर’ या नावाने प्रसिद्ध झाले. ऑप-अँपवरची मांडणी पुष्कळ नंतरची, पण तत्त्व तेच आहे.

फीडबॅक नसलेल्या कंपॅरेटरची अडचण त्याच्या प्रचंड गेनमध्ये असते. 741 या ऑप-अँपचा ओपन-लूप गेन साधारण 2 लाख धरतात. म्हणजे दोन इनपुटांत 65 मायक्रोव्होल्टचा फरक पडला तरी आउटपुट 13 व्होल्टपर्यंत जाऊन टेकते. सेन्सरच्या तारेवर काही मिलिव्होल्टचा नॉइज सहज असतो. इनपुट संदर्भ पातळीजवळून सावकाश जात असेल, तर त्या नॉइजमुळे ते पातळी अनेकदा ओलांडते आणि आउटपुट तितक्याच वेळा वरखाली होते. पुढे काउंटर जोडला असेल तर एका घटनेची नोंद दहा वेळा होते, रिले जोडला असेल तर तो तडतडतो.

उलट्या इनपुटाच्या मांडणीत सिग्नल ऋण टोकाला देतात. आउटपुटपासून धन टोकाकडे R2 आणि धन टोकापासून ग्राउंडकडे R1 जोडतात. त्यामुळे आउटपुटचा ठरावीक हिस्सा धन टोकावर येतो आणि तोच त्या क्षणाचा थ्रेशोल्ड असतो.

```
V_UT = V_H × R1 / (R1 + R2)
V_LT = V_L × R1 / (R1 + R2)
हिस्टेरिसिस = (V_H − V_L) × R1 / (R1 + R2)
```

येथे V_H आणि V_L ही आउटपुटची वरची आणि खालची सॅच्युरेशन व्होल्टेज होत. 741 ला ±15 व्होल्टचा पुरवठा देऊन R1 = 10 किलोओहम आणि R2 = 120 किलोओहम घेऊ. आउटपुट ±13 व्होल्टपर्यंत जाते असे धरले, तर गुणोत्तर 10/130 म्हणजे 1/13 होते. थ्रेशोल्ड बरोबर +1 आणि −1 व्होल्टवर येतात, हिस्टेरिसिस 2 व्होल्ट.

समजा आउटपुट +13 व्होल्टवर आहे, म्हणजे धन टोक +1 व्होल्टवर आहे. इनपुट 0.9 व्होल्ट असेपर्यंत काहीच होत नाही. इनपुट 1 व्होल्टच्या किंचित वर गेले की आउटपुट उतरू लागते. आउटपुट उतरताच धन टोकाचे व्होल्टेजही उतरते, त्यामुळे दोन टोकांतला फरक वाढतो आणि आउटपुट आणखी जोराने खाली ओढले जाते. ही साखळी आउटपुट −13 व्होल्टवर टेकल्यावरच थांबते. तोवर थ्रेशोल्ड −1 व्होल्टवर जाऊन बसलेला असतो. आता इनपुट नॉइजमुळे 0.95 वर आले काय किंवा 0.5 वर आले काय, आउटपुट हलत नाही. ते −1 च्या खाली गेले तरच परत पलटते. इनपुट कित्येक सेकंद रेंगाळत चढले तरी आउटपुटची कड सारखीच तीव्र येते, कारण एकदा सुरुवात झाली की तिचा वेग इनपुटच्या हाती राहत नाही. तो ऑप-अँपच्या हाती असतो, आणि तिथे 741 मंदच आहे. त्याचा स्लू रेट मायक्रोसेकंदाला सुमारे 0.5 व्होल्ट असल्याने 26 व्होल्टची झेप घ्यायला 52 मायक्रोसेकंद लागतात. याहून जलद काम हवे असेल तर एलएम311 सारखा खास कंपॅरेटर वापरावा.

हिस्टेरिसिस नॉइजच्या शिखर-ते-शिखर मापापेक्षा मोठे असावे लागते, पण ते हवे तेवढे वाढवणेही योग्य नाही. वरच्या मंडलाला 5 व्होल्ट शिखराची 50 हर्ट्झची साइन लहर दिली, तर आउटपुट शून्यावर न पलटता 1 व्होल्टवर पलटते, म्हणजे सुमारे 11.5 अंश किंवा 0.64 मिलिसेकंद उशिरा. दोन्ही थ्रेशोल्ड शून्यापासून सारख्या अंतरावर असल्याने दोन्ही कडा सारख्याच उशिरा येतात आणि चौकोनी लहरीची रुंदी बिघडत नाही. ज्याला केवळ वारंवारता मोजायची आहे त्याचे या उशिराने काही अडत नाही. फेज मोजणाऱ्याला मात्र तो चुकीचा आकडा देतो.

थ्रेशोल्ड फक्त रेझिस्टर ठरवतात असे सांगण्याची पद्धत आहे, पण ते अर्धेच खरे आहे. सूत्रात सॅच्युरेशन व्होल्टेजही आहे आणि ते लोड, तापमान व पुरवठ्यानुसार हलते. शिवाय वरच्या आणि खालच्या बाजूला ते सारखे असेलच असे नाही. 1 टक्का अचूकतेचे रेझिस्टर लावून V_H मात्र 13 ऐवजी 14 निघाले, तर वरचा थ्रेशोल्ड 1.08 व्होल्टवर जातो आणि रेझिस्टरांवरचा खर्च वाया जातो. यावर उपाय म्हणजे ऑप-अँपच्या आउटपुटला एक रेझिस्टर घालून पुढे पाठीला पाठ लावलेले दोन झेनर डायोड ग्राउंडला जोडणे आणि फीडबॅक झेनरच्या बाजूने घेणे. 5.1 व्होल्टचे झेनर असतील तर आउटपुट ±5.8 व्होल्टच्या आसपास बांधले जाते.

एकाच पुरवठ्यावर हा प्रश्न अधिक ठळक होतो. 5 व्होल्टवर धन टोकाला तीन सारखे रेझिस्टर जोडतात: एक पुरवठ्याकडे, एक ग्राउंडकडे, एक आउटपुटकडे. आउटपुट खरोखर 0 ते 5 व्होल्ट हलले तर थ्रेशोल्ड 1.67 आणि 3.33 व्होल्ट येतात. एलएम358 चे आउटपुट मात्र पुरवठ्याच्या साधारण दीड व्होल्ट खालीच थांबते. त्यामुळे वरचा थ्रेशोल्ड (5 + 3.5)/3, म्हणजे 2.83 व्होल्टच मिळतो. एलएम393 चे आउटपुट ओपन कलेक्टर असते आणि त्याला पुल-अप रेझिस्टर द्यावाच लागतो. आउटपुट वर असताना हा पुल-अप फीडबॅकच्या रेझिस्टरात मिळतो: तिन्ही रेझिस्टर 100 किलोओहमचे आणि पुल-अप 10 किलोओहमचा असेल तर वरचा थ्रेशोल्ड 3.28 व्होल्ट येतो.

सिग्नल R1 मार्फत धन टोकालाच देण्याची सुलट्या इनपुटाची मांडणीही आहे. तिच्यात थ्रेशोल्ड सॅच्युरेशन व्होल्टेजच्या R1/R2 पट असतात आणि सिग्नल स्रोताचा स्वतःचा रोध R1 मध्ये मिळतो. म्हणून जास्त रोधाच्या सेन्सरला ती सोयीची नाही.

मंडल तपासायला ऑसिलोस्कोप एक्स-वाय मोडवर ठेवून इनपुट एक्सला आणि आउटपुट वायला देतात. पडद्यावर चौकटीसारखे वळण दिसते आणि त्याच्या दोन उभ्या बाजू ज्या इनपुट व्होल्टेजवर आहेत तेच थ्रेशोल्ड असतात. ट्रँग्युलर लहर काही दहा हर्ट्झचीच द्यावी, नाहीतर ऑप-अँपच्या मंदपणामुळे उभ्या बाजू तिरक्या होतात आणि हिस्टेरिसिस खऱ्याहून रुंद भासते. धन आणि ऋण टोकांची अदलाबदल झाली असेल तर ही चौकट उमटतच नाही. फीडबॅक ऋण होतो, मंडल 13 पट गेनचा साधा अँप्लिफायर बनते आणि पडद्यावर मधला भाग तिरकी रेघ दिसते.