पंधरा ओळींची सरासरी

2010 साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांचा एक छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. 20 प्रगत देशांची 1946 ते 2009 या काळातली आकडेवारी त्यांनी तपासली होती. ज्या वर्षांत सरकारी कर्ज जीडीपीच्या 90 टक्क्यांच्या वर होतं, त्या वर्षांत सरासरी आर्थिक वाढ उणे 0.1 टक्के, असा त्यांचा आकडा होता. कर्ज 90 टक्क्यांच्या पुढे गेलं की अर्थव्यवस्था थांबते, असा त्याचा अर्थ लावला गेला. सरकारी खर्चात कपात हवी म्हणणाऱ्या राजकारण्यांनी हा आकडा हिरिरीने वापरला.

पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात थॉमस हर्नडन नावाच्या एका विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एखाद्या गाजलेल्या शोधनिबंधातलं गणित पुन्हा करून पाहायचं होतं. त्याने हाच निबंध निवडला. उत्तर काही जुळेना. शेवटी त्याने लेखकांकडेच त्यांची मूळ एक्सेल फाइल मागितली आणि त्यांनी ती दिलीही. तिच्यात सरासरी काढणारं सूत्र असं होतं:

```
=AVERAGE(L30:L44)
```

देशांची यादी मात्र 30व्या ओळीपासून 49व्या ओळीपर्यंत होती. म्हणजे शेवटच्या पाच ओळी सरासरीत आल्याच नव्हत्या. यादी उलट्या वर्णक्रमाने लावलेली असल्यामुळे गळलेले देश होते डेन्मार्क, कॅनडा, बेल्जियम, ऑस्ट्रिया आणि ऑस्ट्रेलिया. हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी एप्रिल 2013 मध्ये हे जाहीर केलं. सूत्रातली चूक लेखकांनी मान्य केली, बाकीच्या आक्षेपांवर वाद घातला. ते आक्षेप काय होते याकडे पुढे येऊच. आधी या पाच ओळींपाशी थांबू, कारण काम झालं म्हणून खूण करण्याआधीची तपासणी नेमकी कुठे फसते, हे त्यांतून फार स्वच्छ दिसतं.

ही चूक दिसली का नाही? सूत्र अवघड नव्हतं, आणि माणसं तर आयुष्यभर आकड्यांत वावरलेली. माझ्या मते सगळ्यात मोठं कारण असं की उत्तर विचित्र नव्हतं. सरासरी वाढ 40 टक्के आली असती, तर कुणीही सूत्र उघडून पाहिलं असतं. उणे 0.1 हा आकडा पटण्यासारखा होता. आपण चूक शोधायला निघतो ते उत्तर खटकल्यावर. अपेक्षेप्रमाणे उत्तर आलं की शोध तिथेच थांबतो. त्यामुळे आपल्या अंदाजाच्या दिशेने झुकलेल्या चुका टिकून राहतात आणि विरुद्ध दिशेच्या चुका लवकर सापडतात.

दुसरं कारण स्मरणशक्तीच्या घडणीत आहे. मायकेल बर्न आणि सुझन बोव्हेअर या मानसशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये एका विशिष्ट प्रकारच्या विसरण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. झेरॉक्स काढल्यावर प्रती घेऊन माणूस निघतो आणि मूळ कागद यंत्रातच राहतो, हे त्याचं ठरलेलं उदाहरण. मूळ कागद उचलणं हा कामाचाच भाग असतो, पण तो येतो मुख्य हेतू साध्य झाल्यानंतर. हेतू पूर्ण झाला की तो स्मरणातून उतरतो आणि त्याला टांगलेल्या उरलेल्या पायऱ्याही त्याच्याबरोबर उतरतात. त्यांच्या प्रयोगांत असंही दिसलं की डोक्यावर एकाच वेळी लक्षात ठेवण्याचा भार जास्त असेल, तेव्हा ही चूक वाढते. बऱ्याच एटीएममध्ये कार्ड आधी परत मिळतं आणि पैसे नंतर, त्यामागचं तर्कशास्त्र हेच आहे. पैसे आधी मिळाले तर कार्ड यंत्रातच राहण्याची शक्यता वाढते.

आता स्वतःच्या कामाची तपासणी कुठे येते ते पाहा. उत्तर मिळाल्यानंतर, अहवाल लिहून झाल्यावर, कोड चालल्यावर. थोडक्यात, झेरॉक्सच्या यंत्रातल्या मूळ कागदाच्याच जागी. मन जिथे हात झटकून मोकळं होतं, तिथेच आपण सगळ्यात जास्त लक्ष लागणारी पायरी ठेवलेली असते. घाई असली की पुढचं काम आधीच डोक्यात शिरलेलं असतं आणि वर सांगितलेला भार वाढतो. म्हणून घाईत काम करताना मधल्या पायऱ्या बहुधा होतात, कारण एक पायरी पुढचीची आठवण करून देते. गळते ती शेवटची. गळली नाही तरी उरकली जाते: नजर फिरते, मान डोलते, खूण होते.

उरकलेली तपासणी ही न केलेल्या तपासणीपेक्षा वाईट म्हणावी लागेल, कारण तिची खूण पाहून दुसरा कोणी निर्धास्त होतो.

यावर तपासयादी हा उपाय सांगितला जातो. तो चांगलाच आहे, पण यादी कशी लिहिली आहे यावर सगळं अवलंबून असतं. समजा त्या फाइलसाठी यादी असती आणि तिच्यात लिहिलं असतं, “सूत्राची व्याप्ती बरोबर आहे ना?” तर उत्तर “हो” असंच आलं असतं. सूत्र लिहिणाऱ्याला आपण काय लिहायला बसलो होतो ते ठाऊक असतं. वाचताना त्याला L44 दिसतच नाही, त्याला “सगळे देश” दिसतात. हो-नाहीच्या प्रश्नाला मन स्मरणातून उत्तर देतं, पडद्याकडे पाहून देत नाही.

म्हणून प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर पुन्हा काम केल्याशिवाय लिहिताच येऊ नये. “सरासरीत किती देश आहेत? मूळ आकडेवारीत 90 टक्क्यांच्या वर गेलेले देश किती? दोन्ही संख्या लिहा.” इथे टिक मारायला जागाच नाही. आणि यातून काय निघालं असतं? ज्या देशांचं कर्ज कधीच 90 टक्क्यांवर गेलं नव्हतं, त्यांच्यापुढे सूत्रातल्या L स्तंभात आकडा नव्हता आणि एक्सेल असे कप्पे मुकाट्याने सोडून देतं. त्यामुळे 15 ओळींतून प्रत्यक्ष सरासरीत आले फक्त 7 देश. गळलेल्या पाचांपैकी या स्तंभात आकडा होता तो एकट्या बेल्जियमचा, म्हणजे फाइलमध्ये हवे होते 8. आणि मूळ आकडेवारीपासून मोजलं तर देश निघतात 10; जादा दोन, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा, फाइलमध्ये का नव्हते ते पुढे येईलच. सात, आठ, दहा असे तीन वेगळे आकडे समोर आले की माणूस पुढे जाऊ शकत नाही.

यात अट एकच: दुसरी मोजणी दुसऱ्या वाटेने व्हायला हवी. COUNT वापरून त्याच L30:L44 वर मोजलं तर 7 येणार, सरासरीही 7 देशांचीच, आणि दोन्ही छान जुळणार. चुकीच्या व्याप्तीने स्वतःलाच दिलेली ती साक्ष आहे.

दुसरी तपासणी मला याहून आवडते, कारण तिच्यात स्वतःवर विश्वास ठेवावाच लागत नाही. फाइलची एक प्रत घ्यायची आणि यादीच्या पहिल्या व शेवटच्या ओळीत आळीपाळीने 1000 असा बेढब आकडा टाकून उत्तराकडे पाहायचं. या फाइलमध्ये 30व्या ओळीत, म्हणजे अमेरिकेच्या जागी, 1000 टाकला असता तर सरासरीने 140 च्या वर उडी मारली असती. 49व्या ओळीत, ऑस्ट्रेलियाच्या जागी, तोच आकडा टाकला असता तर सरासरी तसूभरही हलली नसती. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि सूत्र वाचायची गरजही नाही. प्रत घ्यायची ती का, हे आता सांगायला नको: 1000 काढून टाकणं हीसुद्धा हेतू साध्य झाल्यानंतरचीच पायरी आहे!

या दोन्ही तपासण्या केव्हा करायच्या, हे त्यांच्या मजकुराइतकंच महत्त्वाचं. उत्तर निबंधात लिहून झाल्यावर नव्हे. एटीएमच्या कार्डासारखं, त्या आधी. निकालाच्या तक्त्यातच देशांच्या संख्येचा एक रकाना ठेवला आणि तो भरल्याशिवाय सरासरी लिहायची नाही असं ठरवलं, तर तपासणी शेपटासारखी मागे लोंबत नाही, उत्तराच्या वाटेवरच येते.

आता ज्या आक्षेपांकडे परत यायचं होतं ते. पाच ओळी गळल्यामुळे आकडा खरं तर फारसा बदलला नव्हता: सरासरी सुमारे 0.3 ने खाली आली. हर्नडन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सगळ्या दुरुस्त्या करून काढलेली सरासरी मात्र 2.2 टक्के होती. उणे 0.1 पासून तिथवरचं बहुतेक अंतर पडलं ते दोन निर्णयांमुळे. एक, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि न्यूझीलंडची महायुद्धानंतरची काही वर्षं धरलेली नव्हती. दोन, प्रत्येक देशाला सारखंच वजन दिलं होतं. ब्रिटनची 90 टक्क्यांवरची 19 वर्षं आणि न्यूझीलंडचं 1951 हे एकटं, फार वाईट गेलेलं वर्ष, दोन्ही तराजूत एकसारखी. यावर लेखकांचं म्हणणं वेगळं होतं, आणि सारखं वजन देण्याच्या बाजूने काही युक्तिवाद होऊही शकतो. पण स्वतः स्वतःसाठी केलेल्या यादीत “वजन देण्याची पद्धत बरोबर आहे का?” असा प्रश्न घातला, तर त्याला “हो” शिवाय दुसरं उत्तर मिळणं कठीण. ज्याने निर्णय घेतला त्याला तो निर्णय आहे असं वाटतच नाही.

तिथे दुसरा माणूस लागतो, आणि त्यालाही सगळं दिसत नाही. रेमंड पँको यांनी मुद्दाम चुका पेरलेली स्प्रेडशीट लोकांना तपासायला दिली होती. एकेकट्याने तपासताना 63 टक्के चुका सापडल्या, तिघांनी मिळून तपासल्यावर 83 टक्के. चुका आहेत हे त्यांना आधीच माहीत होतं, तरीही इतक्या निसटल्या.

त्या दुसऱ्या माणसाच्या हातात आपण काय देतो, यानेही फरक पडतो. बहुतेक वेळा आपण तयार फाइल पाठवतो आणि “जरा नजर टाक” म्हणतो. मग तो आपल्याच वाटेवरून चालतो आणि आपण जे गृहीत धरलं तेच धरून बसतो. हर्नडन आधी त्या वाटेने गेलाच नाही. त्याच्याकडे प्रश्न होता आणि मूळ आकडेवारी होती. त्यातून त्याने आपलं उत्तर काढलं, ते छापलेल्या आकड्याशी जुळलं नाही, आणि फाइल उघडली ती त्यानंतर.