ओळ पडद्यावर कधी यावी?

आमच्या गाण्याच्या गटासाठी मी स्वतः रचलेल्या एका पाऊसगाण्याचे शब्द मोबाईलवर सुराबरोबर सरकावेत, अशी माझी फार इच्छा होती. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ध्वनीची लहर बघत प्रत्येक ओळीला लेबल लावलं आणि ती लेबलं मजकूर म्हणून बाहेर काढली:

```
12.310000	16.900000	ढग उतरले रानात
17.050000	21.400000	पाऊस आला गं दारी
72.460000	76.800000	पाऊस आला गं दारी
```

पहिला आकडा ओळ सुरू होण्याचा, दुसरा संपण्याचा, दोन्ही सेकंदांत. शब्द आणि त्यांच्या वेळा प्लेअरला सांगणाऱ्या एलआरसी फाइलला मात्र मिनिटं, सेकंद आणि सेकंदाचे शंभरावे भाग लागतात. म्हणून 72.46 मधून 60 वजा करायचे: 1 मिनिट, 12.46 सेकंद.

```
[ti:पाऊसगाणं]
[00:12.31]ढग उतरले रानात
[00:17.05]पाऊस आला गं दारी
[00:21.40]
[01:12.46]पाऊस आला गं दारी
```

चौथ्या ओळीत वेळ आहे, शब्द नाहीत, आणि ते मुद्दाम केलंय. साध्या एलआरसीत ओळ संपण्याची वेळ लिहायला जागाच नसते. पुढची वेळ येईपर्यंत आधीची ओळ तशीच उजळलेली राहते. इथे पालुपदानंतर जवळजवळ एक्कावन्न सेकंद नुसतं वाद्यसंगीत आहे. तेवढा वेळ शब्द पडद्यावर राहिले तर गाणाऱ्याला वाटतं, अजून हीच ओळ म्हणायचीय. म्हणून ऑडॅसिटीतला दुसरा आकडा फक्त अशा मोकळ्या जागी वापरायचा. बाकी ठिकाणी पुढची ओळ लगेच येते, तिथे त्याची गरज नाही.

फाइलचं नाव गाण्याच्या नावासारखंच ठेवायचं, म्हणजे `paus.mp3` शेजारी `paus.lrc`. जतन करताना एन्कोडिंग UTF-8 निवडायचं. ते चुकलं तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं दिसतात, वेळा मात्र बरोबर चालतात. त्यावरून दोष कुठे आहे ते लगेच कळतं.

आता शब्द मागेपुढे होत असतील तर गाण्याची सुरुवात आणि शेवट, दोन्ही तपासा. दोन्हीकडे सारखाच उशीर असेल, तर बहुधा ओळ ऐकून मग लेबलाची कळ दाबल्यामुळे तो आलेला असतो. त्याला एकच ओळ पुरते:

```
[offset:200]
```

हे मिलिसेकंद आहेत. रूढ अर्थाने धन आकडा शब्द लवकर आणतो, पण काही प्लेअर उलट वागतात आणि काही ही ओळ वाचतच नाहीत. आधी 2000 घालून बघा, फरक डोळ्यांना लगेच दिसेल.

सुरुवात जुळते आणि पुढे चूक हळूहळू वाढत जाते, तेव्हा ध्वनिमुद्रणाचा वेग वेगळा असतो. एखाद्या वाद्यतुकड्यानंतर ती एकदम उडी घेते, तेव्हा तो तुकडाच कमीजास्त कापलेला असतो. वेगाचा फरक असेल तर वेळा नव्याने लावाव्या लागतात. तुकडा कापलेला असेल तर त्यापुढच्या सगळ्या वेळांत तेवढाच फरक मिळवला किंवा वजा केला की काम होतं.