नॉमिनी म्हणजे वारस नव्हे: पहिलं खातं उघडताना समजून घ्यायचा एक रकाना

बचत खात्याचा फॉर्म भरताना आधार, पॅन, फोटो, सह्या असं सगळं उरकत आलं की 'नामनिर्देशन' हा रकाना येतो. पुण्यात शिकायला किंवा पहिल्या नोकरीला आलेली बहुतेक मुलं तिथे वडिलांचं नाव लिहून पुढे जातात. "नॉमिनी म्हणजे आपल्यामागे पैसे ज्याचे होणार तो" असं घरी ऐकलेलं असतं आणि कित्येकदा काउंटरवरही तसंच सांगितलं जातं. बँकेत मृत खातेदारांच्या दाव्यांचं काम मी बरंच पाहिलं आहे. एकाच घरातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात, त्याच्या मुळाशी पुष्कळदा हाच समज असतो.

नॉमिनी म्हणजे खातेदार गेल्यावर बँकेने पैसे कोणाच्या हातात द्यायचे तो माणूस. वारस म्हणजे ते पैसे कायद्याने ज्याचे होतात तो. दोघं एकच असू शकतात, पण असतीलच असं नाही. आपण घरी नसताना आपलं पार्सल शेजारच्या काकू घेऊन ठेवतात. कुरिअरवाल्याचं काम तिथे संपतं, पण पार्सल काही काकूंचं होत नाही. नॉमिनीचं स्थान तेच.

कायद्यात हे स्पष्ट आहे. बँकिंग रेग्युलेशन अ‍ॅक्ट, १९४९ च्या कलम ४५ झेडए प्रमाणे नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते. त्याच कलमात असंही म्हटलं आहे की, ज्याला पैसे मिळाले त्याच्याकडून आपला हक्क मागण्याची इतरांची वाट बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८४ मध्ये आणि बँकेतल्या ठेवींच्या बाबतीत २०१० मध्ये हेच सांगितलं. नॉमिनीला पैसे स्वीकारण्याचा अधिकार मिळतो, मालकी मिळत नाही.

मग वारस कोण? मृत्युपत्र असेल तर त्यात लिहिलेला माणूस. नसेल तर ज्याचा त्याचा वैयक्तिक कायदा लागू होतो. हिंदू पुरुषासाठी १९५६ चा हिंदू वारसा कायदा आहे आणि त्यात अनेकांना माहीत नसलेली एक गोष्ट आहे. पहिल्या वर्गातल्या वारसांमध्ये मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई येतात. वडील येत नाहीत, ते दुसऱ्या वर्गात आहेत. पहिल्या वर्गातलं एक जरी माणूस हयात असलं तरी दुसऱ्या वर्गाची पाळी येत नाही. म्हणजे बावीस वर्षांच्या अविवाहित मुलाने वडिलांना नॉमिनी केलं आणि आई हयात असेल, तर त्या खात्यातले पैसे कायद्याने एकट्या आईचे. अविवाहित मुलीच्या स्वकष्टाच्या पैशांवर मात्र आई आणि वडील दोघांचा हक्क असतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन बघू. हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा आहे. पहिल्या पगाराच्या वेळी त्याने खातं उघडलं आणि वडिलांना नॉमिनी केलं. पुढे बँकेच्या अ‍ॅपवरून पाच वर्षांची मुदत ठेव केली. अ‍ॅपने विचारलं, 'बचत खात्याचाच नॉमिनी ठेवायचा का?' त्याने 'हो' दाबलं. लग्न झालं, मुलगी झाली, नॉमिनी तोच राहिला. वाकडला भाड्याचं घर बदलताना डिपॉझिटला पैसे कमी पडले. ठेव मोडण्यापेक्षा त्याने तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घेतला.

इथे फॉर्मवरचे बाकीचे शब्दही येऊन मिळतात. ओव्हरड्राफ्ट म्हणजे खात्यात नसलेले पैसे ठरलेल्या मर्यादेपर्यंत काढायची सोय. जेवढे काढले तेवढ्यावरच आणि जितके दिवस वापरले तितक्याच दिवसांचं व्याज लागतं. ठेवीवर ओव्हरड्राफ्ट देताना बँका साधारण ठेवीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत मर्यादा देतात आणि ठेवीच्या व्याजदरापेक्षा एक-दोन टक्के जास्त दर लावतात. त्या बदल्यात ठेव बँकेकडे तारण राहते. कोलॅटरल म्हणतात ते हेच. ठेवीवर बँकेची खूण पडते आणि उधारी फिटेपर्यंत ती मोडून पैसे नेता येत नाहीत. मॅच्युरिटी म्हणजे ठेवीची मुदत संपण्याची तारीख. त्या दिवशी मुद्दल आणि ठरलेलं व्याज हाती येतं. त्याआधी मोडली तर जितके दिवस ठेव राहिली त्या मुदतीचा दर लागतो आणि बहुतेक बँका त्यातून थोडा दंडही कापतात.

आता तो मुलगा अपघातात गेला असं समजा. मृत्युपत्र नाही. मॅच्युरिटीला अजून चौदा महिने आहेत. घरात आई, वडील, पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी आहे. महापालिकेकडून मिळालेला मृत्यूचा दाखला, दाव्याचा अर्ज आणि स्वतःची ओळखपत्रं घेऊन वडील शाखेत जातात. नॉमिनी असल्यामुळे त्यांच्याकडे वारसाचं प्रमाणपत्र मागितलं जात नाही. कागद पूर्ण असतील तर बँकेने पंधरा दिवसांत दावा निकाली काढायचा असतो. ठेव मुदतीआधी मोडायची असेल तर तीही मोडता येते. खातेदार गेल्यामुळे मोडलेल्या ठेवीला दंड लावायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं आहे.

मोडताना ठेवीची किंमत व्याजासह ५,२०,००० रुपये होते. ओव्हरड्राफ्टची बाकी व्याजासह २,०५,००० आहे. तारण आधी बँकेचं, त्यामुळे ही बाकी पहिल्यांदा वळती होते आणि ३,१५,००० उरतात. बचत खात्यात १,३५,००० आहेत. वडिलांच्या खात्यात एकूण ४,५०,००० रुपये जमा होतात. बँकेच्या दृष्टीने विषय संपला.

घरात तो इथूनच सुरू होतो. कायद्याने या साडेचार लाखांचे तीन समान भाग पडतात. पत्नीचे दीड लाख, मुलीचे दीड लाख आणि आईचे दीड लाख. ज्यांच्या खात्यात पैसे आले त्या वडिलांचा वाटा शून्य. त्यांनी समजूतदारपणे वाटून दिले तर प्रश्न नाही. "त्यानेच माझं नाव लिहिलं होतं, म्हणजे त्याची इच्छा हीच होती," असं म्हणून पैसे ठेवून घेतले तर सुनेला बँकेकडे दाद मागता येत नाही, कारण बँकेने कायद्याप्रमाणेच पैसे दिलेले असतात. तिला सासऱ्यांविरुद्ध दिवाणी दावा लावावा लागतो. लहान मुलगी, नवरा गेलेला आणि शिवाजीनगर कोर्टाच्या चकरा. त्या मुलाच्या मनात असं काही नव्हतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण खात्यावर नाव वडिलांचंच असतं.

हे वाचून नॉमिनी लिहूच नये असं वाटेल, तर ते त्याहून वाईट. नॉमिनी नसेल तर बँकेला वारस कोण हे आधी ठरवावं लागतं. सगळ्या वारसांच्या सह्या, प्रतिज्ञापत्र, नुकसानभरपाईचा बॉंड अशी कागदपत्रं लागतात. रक्कम मोठी असेल किंवा वारसांत वाद असेल तर न्यायालयाचं सक्सेशन सर्टिफिकेट आणावं लागतं. त्यात महिने जातात, वकिलाची फी आणि कोर्ट फी जाते. नॉमिनीमुळे हा सगळा वेळ वाचतो आणि तोच त्याचा खरा उपयोग आहे.

म्हणून मी तरी हेच सांगेन की, जो वारस आहे त्याचंच नाव नॉमिनी म्हणून लिहा, म्हणजे हातात येणारे पैसे आणि हक्काचे पैसे एकाच ठिकाणी जातात. मुलगा अविवाहित असेल तर आईचं नाव लिहावं. लग्नानंतर पत्नी आणि आई दोघींचा विचार करावा. पूर्वी एका खात्याला एकच नॉमिनी ठेवता येई, पण १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावं देता येतात. एक पद्धत वाट्याची आहे. प्रत्येकाच्या नावापुढे टक्के लिहायचे आणि बेरीज शंभर व्हायला हवी. दुसरी क्रमाची आहे. पहिला नॉमिनी हयात नसेल तरच दुसऱ्याला पैसे मिळतात. वर सांगितलेल्या मुलाने लग्नानंतर फॉर्म बदलून पत्नी, मुलगी आणि आई यांच्यात वाटे लिहिले असते, तर साडेचार लाख थेट योग्य हातांत गेले असते. लहान मुलांनाही नॉमिनी करता येतं. फक्त मूल अज्ञान असेपर्यंत त्याच्या वतीने पैसे कोणी घ्यायचे हे नाव फॉर्मवर द्यावं लागतं. टक्के लिहिले म्हणजे मालकी ठरली असं मात्र समजू नका. वारसापेक्षा वेगळ्या माणसाला खरोखरच पैसे द्यायचे असतील तर मृत्युपत्र करावं लागतं. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, नोंदणी सक्तीची नाही.

आणखी एक गल्लत पदोपदी दिसते. "बाबांचं नाव खात्यावर आहेच, मग नॉमिनी कशाला?" संयुक्त खातेदार आणि नॉमिनी हेही वेगळे. संयुक्त खातेदार आजपासून खातं चालवतो. नॉमिनीला तुम्ही हयात असेपर्यंत काहीच अधिकार नसतो, साधा बॅलन्सही विचारता येत नाही. संयुक्त खात्यात नॉमिनीची पाळी सगळे खातेदार गेल्यावरच येते. दोघांच्या खात्यावरही नॉमिनी लिहायला हवा तो यासाठी.

खातं उघडून झालं की पासबुकाचं पहिलं पान उघडून 'नॉमिनेशन रजिस्टर्ड' अशी नोंद आहे का ते बघा. नसेल तर त्याच खिडकीवर विचारा आणि फॉर्म दिल्याची पोच घ्या. नॉमिनीचं नाव छापून हवं असेल तर तसंही मागता येतं. प्रत्येक मुदत ठेवीचं नामनिर्देशन वेगळं असतं, म्हणून ठेवीच्या पावतीवरही हीच नोंद तपासा. घरच्यांना एवढं आत्ताच सांगून ठेवा की, खातेदार गेल्यावर त्याचं एटीएम कार्ड किंवा यूपीआय वापरून पैसे काढायचे नाहीत, अगदी दवाखान्याचं बिल भागवायचं असलं तरी. पिन माहीत असला तरी तो अधिकार त्याच्याबरोबर संपलेला असतो. तसे काढलेले पैसे पुढे वारसांच्या भांडणात पहिला मुद्दा बनतात. बँकेला कळवायचं आणि दाव्याचा अर्ज द्यायचा, हाच रस्ता आहे.