gm·RD: मॉसफेटच्या आधी जन्मलेले सूत्र

कॉमन सोर्स मॉसफेट अॅम्प्लिफायर शिकवताना पाठ्यपुस्तके फार लवकर गेनच्या −gm·RD या सूत्रावर येतात; RD म्हणजे ड्रेनला जोडलेला रेझिस्टर. पुढच्या पानावर सोर्सला RS हा रेझिस्टर जोडला जातो आणि तोच गेन 1 + gm·RS ने भागायला सांगितला जातो. या दोन ओळींत मॉसफेटचे स्वतःचे असे फार थोडे आहे. चालणारा मॉसफेट जगापुढे आला १९६० साली, आणि तोवर ही सूत्रे व्हॅक्यूम ट्यूबच्या कामात कित्येक वर्षे मुरलेली होती. मॉसफेटने त्यांत काय बदलले आणि काय तसेच ठेवले, हे पाहिले की सोर्स रेझिस्टर तिथे का बसतो तेही कळते.

सुरुवात ट्रायोडपासून करायला हवी. ली डी फॉरेस्टने १९०६-०७ च्या सुमारास कॅथोड आणि प्लेटच्या मध्ये ग्रिड घातली. या नळीचे गणित नंतरच्या दशकात बसवले गेले आणि त्यात हेंड्रिक व्हान डर बाइलचे काम महत्त्वाचे होते. त्या गणितात नळीचे वर्णन दोन आकड्यांत होते. μ म्हणजे ग्रिडचा एक व्होल्ट प्लेटच्या किती व्होल्टइतका प्रभावी आहे, आणि rp म्हणजे नळीचा आतला रोध. त्यांचे गुणोत्तर μ/rp म्हणजेच ट्रान्सकंडक्टन्स gm. प्लेटला RL आणि कॅथोडला RK असेल तर गेन असा येतो:

```
Av = −μ·RL / (rp + RL + (μ + 1)·RK)
```

rp खूप मोठा मानून अंश आणि छेद दोन्ही त्याने भागले, की उरते −gm·RL / (1 + gm·RK). मॉसफेटच्या पुस्तकातले सूत्र हेच, फक्त अक्षरे वेगळी.

पण ट्रायोडवाल्यांना ही काटछाट परवडत नव्हती, कारण त्यांचा rp मोठा नसतो. 12AX7 ही प्रसिद्ध नळी घ्या: μ १०० आणि rp ६२.५ किलोओहम, म्हणजे gm १.६ मिलीसीमेन्स. प्लेटला १०० किलोओहम लावले तर gm·RL म्हणतो १६०, आणि पूर्ण सूत्र म्हणते ६१.५. नुसत्या gm·RL वर भरवसा ठेवावा असे दिवस आले ते पेंटोडमुळे. १९२६ मध्ये फिलिप्समध्ये टेलेगेनने ग्रिडची संख्या तीनवर नेली. त्यामुळे प्लेटच्या व्होल्टेजचा प्रवाहावरचा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला आणि rp मेगाओहमच्या घरात गेला. म्हणून सॅच्युरेशनमधल्या मॉसफेटचा खरा पूर्वज शोधायचा तर तो पेंटोड आहे, असे माझे मत.

कॅथोडमधला रेझिस्टर मात्र मुळात गेनसाठी आलाच नव्हता. ट्यूबची ग्रिड कॅथोडपेक्षा ऋण ठेवावी लागते. त्यासाठी वेगळी बॅटरी बाळगण्याऐवजी कॅथोडखाली रेझिस्टर घातला, की नळीचाच प्रवाह कॅथोडला दोनएक व्होल्ट वर उचलतो आणि जमिनीला बांधलेली ग्रिड आपोआप ऋण ठरते. गेन घटणे ही त्याची किंमत होती. ती द्यायची नसेल तर रेझिस्टरला समांतर कॅपॅसिटर जोडत. ही घट उपयोगाचीही असू शकते, याचे शास्त्र हॅरॉल्ड ब्लॅकने दिले. २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत त्याने वर्तमानपत्राच्या पानावर ऋण प्रतिभरणाची समीकरणे मांडली. गेन जाणूनबुजून खर्च करायचा आणि बदल्यात स्थैर्य घ्यायचे, हा त्याचा सौदा. 1 + gm·RS मधला gm·RS म्हणजे या सौद्यात फिरणारा लूप गेन.

फील्ड इफेक्टची कल्पना या सगळ्याला समकालीन आहे. ज्युलियस लिलिएनफेल्डने १९२५-२६ मध्येच तिच्या पेटंटसाठी अर्ज केले होते. १९४५ मध्ये शॉकलीने बेल लॅब्जमध्ये ती करून पाहिली, पण अपेक्षित प्रवाह बदलेना. अर्धवाहकाच्या पृष्ठभागावरच्या अवस्था इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतात आणि आतपर्यंत क्षेत्र पोहोचू देत नाहीत, असे स्पष्टीकरण बार्डीनने दिले. त्याच वाटेवर १९४७ अखेर पॉइंट-कॉन्टॅक्ट ट्रान्झिस्टर हाती लागला आणि मूळ कल्पना मागे पडली. पुढे अटाला आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तापवून वाढवलेल्या ऑक्साइडने सिलिकॉनचा पृष्ठभाग शांत केला, आणि १९६० मध्ये अटाला व डॉवन कांग यांचा मॉसफेट जाहीर झाला. तरीही दुखणे संपले नव्हते. ऑक्साइडमधले सोडियमचे आयन सरकत आणि थ्रेशोल्ड व्होल्टेज दिवसेंदिवस हलत राही. फेअरचाइल्डमधल्या स्नो, ग्रोव्ह, डील आणि सा यांनी १९६५ मध्ये हे कारण दाखवून दिले. थ्रेशोल्डचा हा लहरीपणा लक्षात ठेवा, सोर्स रेझिस्टरची गोष्ट तिथेच फिरते.

आता एक सर्किट घेऊ. पुरवठा १२ व्होल्ट, ड्रेन प्रवाह १ मिलीअँपियर, RD ५ किलोओहम. गेटचे व्होल्टेज थ्रेशोल्डच्या जितके वर आहे त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात, ते ०.५ व्होल्ट धरू. वर्गनियम पाळणाऱ्या मॉसफेटसाठी:

```
gm = 2·ID / Vov = 4 mS
Av = −gm·RD = −20
```

(जुन्या डेटाशीटमध्ये हाच gm ४००० मायक्रोम्हो असा छापलेला सापडेल, सीमेन्स हे एकक अधिकृत झाले १९७१ मध्ये.) ID आणि RD एकत्र घेतले तर गेन म्हणजे RD वर पडणाऱ्या व्होल्टेजची दुप्पट भागिले ओव्हरड्राइव्ह. इथे RD वर ५ व्होल्ट पडतात, म्हणून १० भागिले ०.५. यातून मर्यादा उघड होते: पुरवठा ठरलेला असेल तर नुसता RD वाढवून गेन हवा तितका चढत नाही, कारण व्होल्टेज पुरत नाही. ओव्हरड्राइव्ह कमी करावे लागते, आणि मग त्याच प्रवाहासाठी मॉसफेट रुंद लागतो.

मॉसफेटचा आउटपुट रोध ro हाही rp चाच वंशज. तो ५० किलोओहम धरला तर RD शी समांतर होऊन ४.५५ किलोओहम उरतात आणि गेन −१८.२ वर येतो. नऊ टक्के फरक, दुर्लक्ष करण्याच्या काठावरचा.

आता या मॉसफेटचा थ्रेशोल्ड १.५ व्होल्ट आहे असे समजा. सोर्स थेट जमिनीला आणि गेट विभाजकाने बरोबर २ व्होल्टला धरले, की १ मिलीअँपियर मिळतो. त्याच जागी १.८ व्होल्ट थ्रेशोल्डचा दुसरा नग बसवला तर ओव्हरड्राइव्ह ०.२ व्होल्टवर येते, प्रवाह ०.१६ मिलीअँपियर होतो आणि गेन −८. नग १.२ व्होल्टचा निघाला तर वर्गनियम २.५६ मिलीअँपियर मागतो. तेवढ्या प्रवाहासाठी RD वर १२.८ व्होल्ट पडायला हवेत, आणि पुरवठाच १२ चा आहे. मॉसफेट सॅच्युरेशनबाहेर जातो, ड्रेन जमिनीजवळ चिकटतो आणि गेन जवळपास संपतो. मल्टिमीटरने ड्रेन तपासला की हे लगेच दिसते: ७ व्होल्टच्या जागी काही दशांश व्होल्ट. सुट्या मॉसफेटच्या डेटाशीटमध्ये थ्रेशोल्डच्या किमान आणि कमाल मर्यादांत याहूनही मोठे अंतर असते.

सोर्सला १ किलोओहम घाला आणि गेट ३ व्होल्टला न्या. मूळ नगाचा प्रवाह तोच राहतो, १ मिलीअँपियर. १.८ व्होल्टच्या नगाला आता ०.७६ मिलीअँपियर मिळतात आणि १.२ च्या नगाला १.२४. दोन्ही सॅच्युरेशनमध्येच. प्रवाह वाढू लागला की सोर्स वर उचलला जातो आणि गेट-सोर्स व्होल्टेज घटते. म्हणजे ट्यूबमध्ये ग्रिड ऋण करायला ठेवलेला रेझिस्टर, गेट धन असणाऱ्या एन्हान्समेंट मॉसफेटमध्ये मूळ कारण गळून पडल्यावरही टिकला. त्याला दुसरे काम मिळाले: नगानगातला फरक पचवणे.

सिग्नलसाठीही तो तेच करतो. gm·RS इथे ४, म्हणून गेन −२० वरून −४ होतो. पण वरच्या दोन विचित्र नगांसाठी तो −३.९ आणि −४.१ येतो. ब्लॅकचा सौदा आकड्यांत इतका स्वच्छ क्वचितच दिसतो. ro धरून पाहायचे असेल तर ट्रायोडचे सूत्र जसेच्या तसे वापरा: μ = gm·ro = २००, rp च्या जागी ५० किलोओहम. अंशात १०००, छेदात ५० + ५ + २०१ = २५६, उत्तर −३.९. आधी नऊ टक्क्यांचा असलेला ro चा परिणाम आता अडीचच्या आत आला.

बायस स्थिर हवा आणि गेनही हवा असेल तर RS ला समांतर कॅपॅसिटर, अगदी ट्यूबवाल्यांसारखा. इथे एक चूक वारंवार होते: कॅपॅसिटरची किंमत RS वरून काढणे. २० हर्ट्झसाठी १ किलोओहम धरला तर ८ मायक्रोफॅरड पुरेसा वाटतो. पण सोर्समध्ये पाहिले तर RS ला समांतर 1/gm दिसतो, म्हणजे २५० ओहम, आणि दोन्ही मिळून २०० ओहम. त्यामुळे ८ मायक्रोफॅरडने पूर्ण गेन १०० हर्ट्झच्या वर मिळतो. २० हर्ट्झपासून हवा असेल तर ४० च्या आसपास लागतो, म्हणजे बाजारातला ४७. खर्जात आवाज दबलेला आणि वर ठीक असेल तर हे तपासावे. सगळीकडेच गेन २० ऐवजी ४ येत असेल, तर कॅपॅसिटर सुटलेला किंवा मेलेला आहे. दोन्हींच्या मधला गेन हवा असल्यास RS चे २५० आणि ७५० ओहम असे तुकडे करून फक्त मोठ्या तुकड्याला कॅपॅसिटर जोडतात; मग gm·RS १ उरतो आणि गेन −१० मिळतो.

चिपवर मात्र ही मांडणी मोडली. तिथे मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर बसत नाहीत, आणि शेजारी बनवलेले दोन मॉसफेट इतके सारखे असतात की बायसचे काम करंट मिरर करतो. सोर्स रेझिस्टर उरला तो विकृती कमी करायला: गेटवर ५० मिलिव्होल्ट आले तरी gm·RS = ४ असताना गेट-सोर्समध्ये १० मिलिव्होल्टच पोहोचतात. शिवाय चिपवर बॉडी सहसा सोर्सला बांधलेली नसते. सोर्स हलला की बॉडी दुसऱ्या गेटसारखी प्रवाह अडवते, म्हणून छेद 1 + (gm + gmb)·RS होतो. gmb हा gm च्या एक पंचमांश धरला तर आपल्या सर्किटचा गेन −४ ऐवजी −३.४५ भरतो. या सूत्रातली ट्रायोडकडे न सापडणारी संज्ञा हीच.