हॉल्टचा दिवस आणि ड्रायव्हरची सुट्टी: सहलीच्या आखणीत दोन्हींचा वेगळा हिशोब

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यातून दिवाळीनंतर आणि मे महिन्यात ज्या आठ-दहा दिवसांच्या सहली निघतात, त्यांच्या वेळापत्रकात बहुधा मधोमध एक दिवस ‘हॉल्ट’ म्हणून लिहिलेला असतो. त्या दिवशी मुक्काम बदलत नाही, बॅगा भरायच्या नसतात आणि मंडळी उशिरा उठतात. त्यामुळे हाच दिवस ड्रायव्हरच्या आठवड्याच्या सुट्टीचा, असे आयोजक आणि गाडीमालक दोघेही गृहीत धरतात. प्रत्यक्षात मात्र त्या दिवशी सकाळी दहाला गाडी हॉटेलच्या दारात लागते, दुपारपर्यंत शहरदर्शन होते, चार वाजता बाजारात जायचे ठरते आणि रात्री जेवणासाठी पुन्हा कोणाच्या तरी पसंतीच्या ठिकाणी जावे लागते. गाडी जेमतेम चाळीस किलोमीटर चालते, पण ड्रायव्हर सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत अडकलेला असतो. हॉल्ट हा प्रवाशांच्या दृष्टीने केलेला हिशोब आहे. सुट्टी हा ड्रायव्हरच्या दृष्टीने करायचा हिशोब आहे.

हीच गल्लत एकेका दिवसाच्या आतही होते. तिथे ती थांबलेल्या गाडीची आणि मोकळ्या झालेल्या ड्रायव्हरची असते. तेव्हा कायद्याची चौकट आधी थोडक्यात पाहू. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास काम, सलग पाच तासांच्या आत निदान अर्धा तास विश्रांती, दोन दिवसांच्या ड्यूटीमध्ये सलग नऊ तासांचा खंड आणि विश्रांती धरून पूर्ण दिवसाचा पसारा, म्हणजे स्प्रेडओव्हर, बारा तासांच्या आत अशी आखणी घालून दिली. दिवसाचे काम दोनपेक्षा अधिक तुकड्यांत मोडायचे नाही, हेही त्यात होते. लांब पल्ल्यासाठी दहा तासांपर्यंतची सवलत होती, पण ती संबंधित अधिकाऱ्याच्या मान्यतेनेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेने घेतली. दिवसाचे आठ तास कायम राहिले. विश्रांती आणि स्प्रेडओव्हर मात्र सरकारने अधिसूचनेने ठरवायचे आहेत. आखणी करणाऱ्याने जुनी बारा तासांची रेघ पाळली तर तो सुरक्षित बाजूला राहतो, असे माझे मत आहे. शिवाय ती रेघ माणसाच्या शरीराला परवडणारी आहे, हे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते.

या चौकटीतला कळीचा भाग म्हणजे कामाच्या तासांची व्याख्या. स्टेअरिंगवर गेलेला वेळ हा त्याचा एक भाग झाला. गाडी धुणे, हवा-पाणी पाहणे, डिकीत सामान चढवणे-उतरवणे, लॉगबुक भरणे, गाडी पार्किंगला लावणे हेही कामच आहे. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक कसोटी आहे: त्या वेळात ड्रायव्हर दुसऱ्याच्या दिमतीला होता, की आपला वेळ आपल्या इच्छेने घालवायला मोकळा होता?

ही कसोटी किती फरक पाडते ते एका दिवसावरून दाखवतो. साताऱ्याहून ३४ जणांची ज्येष्ठ मंडळींची सहल आठ दिवसांसाठी निघाली आहे, असे धरू. थेट छत्रपती संभाजीनगर गाठायचे म्हणजे सुमारे ३४० किलोमीटर होतात. सामान आणि गाडीची तयारी धरता ते एका ड्रायव्हरच्या आठ तासांत बसत नाही, म्हणून पहिला मुक्काम अहिल्यानगरला ठेवला आहे. दुसऱ्या दिवशी वेरूळ, तिसऱ्या दिवशी अजिंठा, चौथा दिवस संभाजीनगरात हॉल्ट. निघायचा वार बुधवार निवडला, कारण वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात, आणि बुधवारी निघाल्यास एखादा दिवस घसरला तरी बंद दाराशी जाऊन उभे राहावे लागत नाही.

तिसरा दिवस असा: ड्रायव्हर सव्वासहाला गाडीपाशी येतो, सातला गाडी हॉटेलवरून सुटते. शंभरेक किलोमीटरचे अंतर, वाटेत चहा, आणि पावणेदहाला गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटवर पोहोचते. तिथून पुढे खासगी वाहने जात नाहीत. लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर शटल बसने जावे लागते. मंडळी परत येऊन जेवून तीन वाजता गाडीत बसतात, पावणेसहाला हॉटेल आणि गाडी पार्किंगला लावून सव्वासहाला ड्रायव्हरचा दिवस संपतो. सव्वासहा ते सव्वासहा म्हणजे स्प्रेडओव्हर बरोबर बारा तास. सकाळचे साडेतीन तास आणि दुपारचे सव्वातीन तास मिळून काम पावणेसात तास. दोन तुकडे, मध्ये सव्वापाच तासांची मोकळीक. कागदावर हा दिवस नीट बसतो.

आता त्याच दिवसाचे दुसरे रूप पाहा. घड्याळ तेच आहे, पण बॅगा डिकीत आहेत आणि ‘गाडीजवळच थांबा’ असे ड्रायव्हरला सांगितले आहे. अकराला दोन आजी गुडघे दुखतात म्हणून वर न जाता परततात आणि गाडी उघडायला सांगतात. साडेबाराला एकाचा फोन येतो की औषधाची पिशवी सीटवर राहिली, ती शटलच्या थांब्यावर आणून द्या. दीडला उन्हामुळे एसी सुरू करून ठेवायची मागणी होते. या सव्वापाच तासांत गाडी एक इंचही हलली नाही, पण ड्रायव्हर एक मिनिटही सुटला नाही. त्याचे काम पावणेसातऐवजी बारा तास भरले, म्हणजे मर्यादेपेक्षा चार तास जास्त. पाच तासांनंतरची सक्तीची विश्रांतीही मिळाली नाही. परतीचे शंभर किलोमीटर तो कडक ऊन अंगावर घेऊन, डुलकी आवरत चालवतो.

दोन रूपांत फरक पाडणाऱ्या गोष्टी अगदी साध्या आहेत. संभाजीनगरात मुक्काम सलग असल्यामुळे बॅगा खोल्यांतच ठेवायच्या. औषधे, पाण्याच्या बाटल्या, टोप्या घेतल्याची खात्री गाडीतून उतरताना गाइडने करायची. गाडीला कुलूप लागेल आणि ती तीनलाच उघडेल, हे माइकवर स्पष्ट सांगायचे, आणि ज्यांना वर चढणे जमणार नाही त्यांच्या बसण्याची सोय टी-पॉइंटवरच्या उपाहारगृहात आधीच करायची. फोन करायचा तो गाइडला. ड्रायव्हरचा नंबर प्रवाशांच्या ग्रुपवर टाकायचाच नाही. ड्रायव्हरला आडवे होता येईल अशी पंख्याखालची जागा, शक्यतो एखादी खोली, काही तासांसाठी घ्यावी. आयोजक तिथे पैसे वाचवायला बघतात. पण गाडीच्या मागच्या सीटवर, काचा लावून, मे महिन्यात विश्रांती होत नाही.

आणि या दिवसाला संध्याकाळ जोडायची नाही. सहाला पोहोचल्यावर ‘जेवायला जरा बाहेर जाऊ’ असे कोणी म्हटले की बारा तासांची रेघ ओलांडली जाते, कामाचा तिसरा तुकडा पडतो आणि रात्रीच्या नऊ तासांनाही कात्री लागते. जेवण हॉटेलातच, किंवा चालत जाण्याजोग्या अंतरावर.

आता चौथ्या दिवसाकडे. तो खरी सुट्टी व्हायचा असेल तर तिसऱ्या दिवशी सव्वासहाला सुटलेला ड्रायव्हर पाचव्या दिवशी सकाळीच पुन्हा गाडीला हात लावील. म्हणजे सलग छत्तीस तासांच्या आसपास. बीबी का मकबरा, पाणचक्की आणि बाजार यांसाठी सतरा सीटच्या दोन लोकल टेम्पो ट्रॅव्हलर सांगायच्या. हा खर्च सुरुवातीलाच माणशी दरात धरलेला असावा, नाहीतर ऐनवेळी पार्टी म्हणते, ‘आपली गाडी उभीच आहे की!’ ड्रायव्हरला त्या दिवसाचा भत्ता आणि खोली चालू ठेवावी. घरापासून दूर असताना बिनभत्त्याची सुट्टी त्याला शिक्षेसारखी वाटते आणि तो स्वतःच ‘मी येतो गाडी घेऊन’ म्हणतो.

सुट्टी कितव्या दिवशी ठेवायची, हे सहलीचा पहिला दिवस मोजून ठरत नाही. गाडीमालकाला एकच प्रश्न विचारावा: या ड्रायव्हरचा शेवटचा पूर्ण मोकळा दिवस कोणता? आठवड्यात सहा दिवस काम हा नियम आहे, आणि वाहतूक सेवा विस्कळीत होऊ नये म्हणून सुट्टी पुढे ढकलली तरी सलग दहा दिवसांपलीकडे पूर्ण सुट्टीविना काम घेता येत नाही. बुडालेल्या सुट्टीच्या बदल्यात पुढे सुट्टी द्यावीच लागते. आपल्या उदाहरणातला ड्रायव्हर निघण्याआधी चार दिवस लग्नाच्या आणि शाळेच्या बुकिंगवर होता असे समजा. चौथा दिवस नुसता हॉल्ट ठेवला तर घरी पोहोचेपर्यंत त्याचे सलग बारा दिवस होतात. तोच दिवस सुट्टीचा केला तर आधीचे सात आणि नंतरचे चार, असे दोन भाग पडतात. सात दिवसही सहाच्या वर जातातच, म्हणून शक्य असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी त्याला बुकिंग देऊ नये, हे मालकाकडून आधी कबूल करून घ्यावे. सिझनमध्ये मालक कुरकुरतात, पण महिनाभर आधी बोलणे झाले तर ऐकतात.

गाइडचा हिशोब ड्रायव्हरच्या हिशोबाच्या जवळजवळ उलटा चालतो, म्हणून दोघांची सुट्टी एकाच दिवशी पडत नाही. अजिंठ्याला ड्रायव्हर सुटतो तेव्हा गाइड तीन-चार तास पायऱ्या चढत आणि बोलत असतो. हॉल्टच्या दिवशी लोकल गाड्या, तिकिटे, दुखणी-खुपणी हे सगळे त्याच्याच अंगावर येते. तो बहुधा मालकाचा नोकर नसून ठरावीक मानधनावर आलेला असतो, त्यामुळे ड्रायव्हरचे नियम त्याला आपोआप लागू होत नाहीत. त्याचे तास आणि सुट्टी ठरवतानाच लेखी घ्यावी लागते. या सहलीत पाचव्या दिवशी शिर्डीमार्गे नाशिकला मुक्काम आहे. सहाव्या दिवशी पंचवटी आणि पांडवलेणी दाखवायला नाशिकचाच माणूस घ्यावा, आणि सहलीचा फोन आयोजकांपैकी एकाकडे द्यावा. फोन गाइडच्याच खिशात राहिला तर त्याची सुट्टी ही अजिंठ्याच्या दिवसाच्या त्या दुसऱ्या रूपातल्या दुपारसारखीच होते.

परतीचा नाशिक ते सातारा हा सव्वातीनशे किलोमीटरच्या घरातला टप्पाही एका दिवसात बसत नाही, म्हणून सातव्या दिवशी लेण्याद्री आणि ओझर करून तिथेच मुक्काम करावा. आठव्या दिवशी साताऱ्यात शेवटचा प्रवासी उतरला की सहल संपते, पण ड्रायव्हरची ड्यूटी गाडी गॅरेजला लागून लॉगबुक भरल्यावर संपते. पुढच्या बुकिंगआधीचे नऊ तास तिथून मोजायचे. गाडी रात्री साडेआठला लागली तर पहाटे साडेपाचच्या आत त्याच ड्रायव्हरला पिकअप देता येत नाही.