न संपणाऱ्या शेपटीचं मोजता येणारं क्षेत्रफळ

थायरॉइडच्या उपचारासाठी रुग्णाला आयोडीन-131 देतात. आपल्याकडे ते मुंबईत ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं आणि वाशीच्या ‘ब्रिट’ या सरकारी संस्थेमधून देशभरच्या रुग्णालयांत पोहोचतं. समजा एका कुपीत ते 1 गिगाबेकरेल आहे. याचा अर्थ, या घडीला त्या कुपीत दर सेकंदाला 100 कोटी अणूंचं विघटन होतंय. आयोडीन-131 चं अर्धायुष्य सुमारे 8 दिवस. आठ दिवसांनी हा वेग 50 कोटींवर येईल, सोळा दिवसांनी 25 कोटींवर, चोवीस दिवसांनी साडेबारा कोटींवर. निम्म्याचं निम्मं, त्याचंही निम्मं. हे सूत्र कितीही पुढे नेलं तरी शून्य कधीच येत नाही.

मग प्रश्न असा की आजपासून अनंत काळापर्यंत त्या कुपीत एकूण किती विघटनं होतील? आलेखाच्या भाषेत हाच प्रश्न क्षेत्रफळाचा आहे. आडव्या अक्षावर वेळ घ्या, उभ्या अक्षावर दर सेकंदाची विघटनं. वक्राखालचं क्षेत्रफळ म्हणजे एकूण विघटनं. वक्र उजवीकडे सरकत राहतो, खाली खाली येतो, पण अक्षाला टेकत नाही. ज्या आकृतीला उजवी कडच नाही, तिचं क्षेत्रफळ मोजायचं तरी कसं?

आकड्यांचं ओझं थोडं उतरवू या. सुरुवातीची उंची 1 धरली आणि वेळेचं एकक सोयीचं निवडलं, की हा वक्र e⁻ˣ होतो. ‘अनंतापर्यंतचं क्षेत्रफळ’ या शब्दांना थेट अर्थ नाही, म्हणून गणित एक पायरी आधी थांबतं. x = b पाशी एक उभी रेघ मारायची, तिच्या डावीकडचं क्षेत्रफळ काढायचं आणि मग ती रेघ उजवीकडे ढकलत न्यायची. क्षेत्रफळ एखाद्या ठरावीक संख्येच्या हवं तितकं जवळ जाऊन तिथेच राहत असेल, तर ती संख्या म्हणजे पूर्ण क्षेत्रफळ. बारावीनंतरच्या अभ्यासक्रमात याला इम्प्रॉपर इंटिग्रल म्हणतात. b पर्यंतचं क्षेत्रफळ येतं 1 − e⁻ᵇ. रेघ 1 वर असताना 0.632, 2 वर असताना 0.865, 5 वर 0.993, 10 वर 0.99995. रेघ कुठेही न्या, 1 ओलांडलं जात नाही, आणि 1 च्या अलीकडचा कुठलाही आकडा सांगा, तो कधी ना कधी मागे पडतोच. पूर्ण क्षेत्रफळ नेमकं 1.

हे उत्तर सूत्रातून चटकन मिळतं, पण सूत्र पाहून ते पटतंच असं नाही. कॅल्क्युलस बाजूला ठेवून, फक्त निम्मं होण्याच्या गुणावरून ते पटवता येतं, आणि मला तोच रस्ता जास्त आवडतो. वेळेचे अर्धायुष्याएवढे तुकडे पाडा. पहिल्या तुकड्यात वक्राची उंची 1 पासून ½ पर्यंत उतरते, म्हणजे तिथला भाग 1 उंचीच्या आयतात मावतो. दुसऱ्या तुकड्यातला भाग ½ उंचीच्या आयतात मावतो, तिसऱ्यातला ¼ उंचीच्या. सगळ्या आयतांची रुंदी एकच, एक अर्धायुष्य. उंचींची बेरीज 1 + ½ + ¼ + ⅛ + … इतकी, आणि ती 2 च्या पुढे जात नाही, कारण प्रत्येक नवी संख्या 2 पर्यंतच्या उरलेल्या अंतराचं फक्त निम्मं भरते. म्हणून सगळं क्षेत्रफळ ‘2 गुणिले अर्धायुष्य’ यापेक्षा कमी. खालच्या बाजूनेही असंच: प्रत्येक तुकड्यात वक्राच्या पोटात बसणारे आयत ½, ¼, ⅛ … उंचीचे, त्यांची बेरीज 1. म्हणजे क्षेत्रफळ एका अर्धायुष्यापेक्षा जास्त आणि दोन अर्धायुष्यांपेक्षा कमी. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये, 1.443 पट अर्धायुष्य. तो 1.443 म्हणजे 1 भागिले ln 2, म्हणजेच 2 चा नैसर्गिक लॉगरिदम, 0.693. e⁻ˣ मध्ये अर्धायुष्य नेमकं ln 2 एककांचं असतं, म्हणून तिथे क्षेत्रफळ पुन्हा 1 च येतं.

इथे एक चुकीचं उत्तर फार सहज तोंडात येतं. ‘वक्र शून्याकडे जातो, म्हणून क्षेत्रफळ मर्यादित राहतं’ असं विद्यार्थी लिहितात, आणि कधी कधी त्याला गुणही मिळतात. पण एवढं कारण पुरत नाही. 1/(1+x) हा वक्र घ्या. तोही 1 पासून निघतो, तोही सतत उतरतो आणि शून्याकडे जातो. त्याच्या उंचीला निम्मं व्हायला आधी 1 एकक लागतं. पुढच्या निम्म्यासाठी 2 लागतात, त्यापुढे 4, मग 8. उंची निम्मी होते तेव्हा रुंदी दुप्पट झालेली असते, त्यामुळे प्रत्येक टप्प्याचं क्षेत्रफळ कमी होतच नाही, दर वेळी तेवढंच, ln 2 इतकं, भरत राहतं. असे टप्पे अनंत आहेत, म्हणून क्षेत्रफळही अनंत. ते वाढतं मात्र अतिशय संथपणे. x = 1000 पर्यंत गेलं तरी जेमतेम 6.9 होतं, आणि हेच फसवं असतं, कारण आकडे पाहून वाटतं की आता थांबलं. e⁻ˣ मध्ये मात्र प्रत्येक निम्म्याला सारखाच वेळ लागतो. फरक आहे तो एवढाच, आणि सगळं त्यावरच ठरतं.

आता कुपीकडे परत येऊ. किरणोत्सारी पदार्थ असं सारख्या वेळात निम्मं का होतो? कारण कुठल्याही अणूला स्वतःचं वय माहीत नसतं. दर सेकंदाला फुटण्याची प्रत्येक अणूची शक्यता तीच राहते, मग तो कालचा असो की महिन्याभरापूर्वीचा. त्यामुळे विघटनाचा वेग उरलेल्या अणूंच्या संख्येच्या प्रमाणात असतो. या एका वाक्यात क्षेत्रफळाचं उत्तरही दडलेलं आहे. कुठल्याही क्षणापासून पुढचं सगळं क्षेत्रफळ म्हणजे त्यापुढे होणारी सगळी विघटनं, म्हणजेच त्या क्षणी शिल्लक असलेले अणू. आणि शिल्लक अणू त्या क्षणीच्या उंचीच्या प्रमाणात आहेत. e⁻ˣ च्या बाबतीत हे प्रमाण थेट 1 आहे: b च्या उजवीकडच्या शेपटीचं क्षेत्रफळ e⁻ᵇ, आणि b पाशी वक्राची उंचीही e⁻ᵇ. उरलेली आख्खी शेपूट तिच्या सुरुवातीच्या उंचीवरून मोजता येते. या वक्राखालचं अनंतापर्यंतचं क्षेत्रफळ इटलीच्या टॉरिचेल्लीने 1640 च्या दशकात काढलं होतं. हवेचा दाब मोजणाऱ्या नळीसाठी आपण ओळखतो तोच हा टॉरिचेल्ली. न्यूटन तेव्हा लहान मुलगा होता आणि कॅल्क्युलस अजून जन्मायचं होतं.

या नियमाने कुपीतले अणू मोजू. आयोडीन-131 चं अर्धायुष्य काटेकोरपणे 8.02 दिवस, म्हणजे सुमारे 6 लाख 93 हजार सेकंद. त्याला 1.443 ने गुणलं की जवळजवळ नेमके 10 लाख सेकंद येतात. हे निव्वळ योगायोगाने जुळलेलं आहे, पण हिशेबाला फार सोयीचं आहे. 10 लाख सेकंद म्हणजे साडेअकरा दिवस आणि वर थोडंसं. याला सरासरी आयुष्य म्हणतात. एकूण विघटनं = 100 कोटी × 10 लाख, म्हणजे 1 वर पंधरा शून्यं. इतकेच अणू कुपीत होते. त्यांचं वजन करायचं तर एका ग्रॅमचे 10 लाख भाग करून त्यातल्या एका भागाचा साधारण पाचवा हिस्सा. याच हिशेबाचा आणखी एक अर्थ निघतो. विघटनाचा वेग सुरुवातीला होता तसाच टिकला असता, तर साडेअकरा दिवसांत सगळं आयोडीन संपलं असतं. वेग उतरत गेल्यामुळे तेच अणू लांब पसरतात, पण वाढत नाहीत.

‘अनंत काळ’ हा भाग मात्र वक्राचा आहे, कुपीचा नाही. 50 अर्धायुष्यांनंतर, म्हणजे सुमारे 13 महिन्यांनी, सूत्राप्रमाणे त्या अणूंपैकी सरासरी एखादाच उरतो. एक अणू निम्मा होत नाही. तो एकतर असतो, नाहीतर फुटलेला असतो. वक्र तिथे अणूंची संख्या सांगत नाही, शक्यता सांगतो. पण तोवर क्षेत्रफळाचा हिशेब कधीच पुरा झालेला असतो. 10 अर्धायुष्यांनंतर, म्हणजे 80 दिवसांनी, शेपटीत एकूणाचा जेमतेम हजारावा भाग राहतो.

रुग्णाच्या बाबतीत हाच हिशेब थोडा बदलतो, आणि तिथे शेपूट दुर्लक्षित करून चालत नाही. थायरॉइडला मिळणारा किरणांचा डोस ग्रंथीत होणाऱ्या एकूण विघटनांवर, म्हणजे क्षेत्रफळावर ठरतो. ग्रंथीतून आयोडीन दोन वाटांनी कमी होतं: अणू फुटतात, आणि शरीर ते बाहेर टाकतं. निरोगी ग्रंथीसाठी दुसऱ्या वाटेचं अर्धायुष्य सुमारे 80 दिवस धरतात. दोन्हींचे वेग बेरजेत येतात: 1/8 + 1/80 = 11/80. म्हणून प्रत्यक्ष अर्धायुष्य 80/11, सुमारे 7.3 दिवस. ग्रंथी अतिक्रियाशील असेल तर ती आयोडीन लवकर बाहेर टाकते, आणि तेव्हा ते 5 दिवसांवरही येऊ शकतं.

अशा दोन रुग्णांची तुलना करून पाहा. ग्रंथीने आयोडीन पूर्ण शोषून घेतलं तो क्षण शून्य धरू, आणि दोघांची सुरुवात सारखीच मानू. एका दिवसाने मोजलं तर पहिल्याच्या ग्रंथीत 91 टक्के शिल्लक, दुसऱ्याच्या 87 टक्के. मोजमापातली नेहमीची चूकच एवढी असू शकते, त्यामुळे दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. पण क्षेत्रफळ अर्धायुष्याच्या प्रमाणात असतं, आणि 7.3 ला 5 ने भागलं तर 1.46 येतात. म्हणजे पहिल्या रुग्णाच्या ग्रंथीला जवळजवळ दीडपट विघटनं सोसावी लागतात. पहिल्याच दिवशी मोजून थांबलं, तर त्याच्या क्षेत्रफळाचा फक्त 9 टक्के भाग पाहिलेला असतो. उरलेले 91 टक्के अर्धायुष्याच्या अंदाजावर उभे राहतात, आणि अंदाज चुकला की शेपूटही त्याच प्रमाणात चुकते.

सहाव्या दिवशी पुन्हा मोजलं तर चित्र स्वच्छ होतं: पहिल्याकडे 57 टक्के, दुसऱ्याकडे 44 टक्के. हा फरक उपकरणाच्या चुकीत हरवणारा नाही. या दोन वाचनांमधून त्या रुग्णाचं स्वतःचं अर्धायुष्य काढता येतं, आणि शेवटच्या वाचनाला त्याच्या 1.443 पटीने गुणलं की अनंतापर्यंतची उरलेली शेपूट एका गुणाकारात मिळते. म्हणूनच डोसचा हिशेब रुग्णागणिक करायचा असेल, तेव्हा पहिल्या वाचनानंतर त्याला पाच-सात दिवसांनी पुन्हा मोजणीसाठी बोलावतात.